हे भूछत्र कुठलं? तीन फोटो टाकलेत, जाणकारांनी सांगावं

पाऊलखुणा
घरामागच्या हिरवळीवर पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांत ही पांढरी भूछत्रं उगवली आहेत, सात-आठ तरी असतील आणि अर्धवट गोलात उभी आहेत. टोपीवर मधोमध तपकिरी ठिपका आणि आजूबाजूला खपल्या, देठावर रिंग आहे. तीन फोटो टाकलेत, एक वरून, एक बाजूने आणि एक तोडून हातात धरून खालच्या बाजूचा. नेटवर फोटो जुळवून बघितले तर पॅरासोलशी तंतोतंत जुळतंय, आणि पॅरासोल म्हणजे खायचंच की. आज रात्री करावं म्हणतोय, पण एकदा इथे विचारून घ्यावं असं वाटलं. कोणी खात्रीने सांगेल का?

टिकोजीराव
पॅरासोलच आहे. मोठी टोपी, खपल्या, रिंग, टोपीखालच्या गिल्स पांढऱ्या, अजून काय पाहिजे. करा बिनधास्त, आणि आम्हालाही बोलवा :)

सायली_म
थांबा हो, एवढी घाई नको. पांढऱ्या गिल्सचं काही खाऊ नये असं ऐकलंय मी. आणि लसूण टाकून शिजवलं की विषारी असेल तर काळं पडतं म्हणतात, ते तरी करून बघा आधी.

बुरशीवाला
पाऊलखुणा, आज रात्री करू नका. बाकीचं सावकाश लिहितो पण हे आधी वाचा.

सायलीताई, लसूण, चांदीचा चमचा, तांदूळ यातलं काहीही विष ओळखत नाही. लसूण काळा पडायची कारणं लसणातच असतात. किडे खातात म्हणून माणसाला चालेल हेही तसंच, गोगलगायी डेथ कॅप हे जीवघेणं भूछत्र आरामात खातात. आणि शिजवून विष जाईल असं कोणाला वाटत असेल तर डेथ कॅपचं विष उकळून, तळून, वाळवून कशानेच जात नाही.

आता फोटोंचं. टिकोजी म्हणतात ते सगळं फोटोत दिसतंय, नाही म्हणत नाही. पण तेवढं सगळं क्लोरोफिलम मॉलिबडायटिसलाही लागू पडतं, म्हणजे मोठी टोपी, तपकिरी खपल्या, सरकणारी रिंग, पांढऱ्या गिल्स, गोलात उगवणं. आणि उबदार हवेत हिरवळीवर तेच भरपूर येतं. त्याचे स्पोअर म्हणजे बीजाणू हिरवट असतात पण गिल्स बरेच दिवस पांढऱ्याच राहतात, टोपी पूर्ण उघडून स्पोअर पिकले की मग राखाडी-हिरव्या व्हायला लागतात. म्हणजे ज्या वयात ते खावंसं वाटतं, ताजं, घट्ट, पांढरंशुभ्र, त्याच वयात ते पॅरासोलसारखं दिसतं. खाल्लं तर साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू, आणि ते साधे नसतात, सलाईन लावायची वेळ येते.

टिकोजीराव
पण तिसऱ्या फोटोत गिल्स स्पष्ट पांढऱ्या आहेत ना? मी झूम करून बघितलं. उलट मला तर थोडा हिरवा शेड वाटला, पण तो गवताचा असणार.

बुरशीवाला
तुम्हीच सांगितलंत बघा. हिरवा शेड दिसला आणि तुम्ही तो गवताच्या नावावर टाकला, मी तो गिल्सच्या नावावर टाकला असता, आणि फोटोवरून आपल्या दोघांनाही बरोबर ठरता येत नाही. हिरवळीवर सावलीत पांढरी वस्तू धरली की खालून हिरवा उजेड परततो. उलट फोनचा कॅमेरा आपल्या मनाने रंग सुधारतो, त्याला वाटतं हे पांढरं असायला हवं आणि तो खरा हिरवटपणा पुसून टाकतो. संध्याकाळी काढला तर सगळं पिवळं. ज्या रंगावर सगळा निर्णय अवलंबून आहे तोच फोटोत सगळ्यात कमी भरवशाचा असतो.

पाऊलखुणा
बरं, नाही करत. पण मग ओळखायचं कसं? सांगा मी करतो, सगळं इथेच आहे, दोन-तीन अजून उभी आहेत.

भटकी_मांजर
अवांतर विचारते, हात लावला तर विष लागतं का? माझा मुलगा परवा असंच एक चुरगाळून आला, मी त्याचे हात तीनदा धुतले आणि रात्रभर झोपले नाही.

बुरशीवाला
@भटकी_मांजर, नाही लागत. ही विषं पोटात गेल्यावर काम करतात, चुरगाळून काही होत नाही. हात धुतलेत ते बरंच, लहान मूल बोट तोंडात घालतंच. त्याने तुकडा चावला होता का हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

@पाऊलखुणा, मला लागतात त्या गोष्टी सांगतो. फोटोने भागत नाही म्हणतो त्याचं कारण असं की यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही काही केल्याशिवाय दिसतच नाहीत, चांगला कॅमेरा घेऊन उपयोग नाही.

पहिलं म्हणजे तोडू नका, खणा. तुमच्या तिसऱ्या फोटोत देठ जमिनीलगत मोडलाय. अमॅनिटा जातीतली, डेथ कॅप धरून, जी सगळ्यात वाईट आहेत त्यांच्या देठाच्या बुडाशी एक पातळ पिशवी किंवा वाटी असते, कोवळेपणी सगळं भूछत्र ज्या पडद्यात असतं त्याची ती उरलेली खूण. ती बऱ्याचदा मातीच्या आत असते. देठ उपटला किंवा मोडला की ती खड्ड्यात राहते, आणि फोटोत उरतं एक स्वच्छ पांढरं देखणं भूछत्र. टोपीवर त्या पडद्याचे तुकडे असतात खरे, पण जोराच्या पावसाने ते धुऊन जातात. तर सुरी देठापासून दोन-तीन बोटं लांब खुपसा आणि मातीच्या गोळ्यासकट उचला.

दुसरं, एक मोठं आणि एक कोवळं असं दोन्ही द्या. एकाच वयाचं एकच भूछत्र म्हणजे माणसाचा पाठमोरा फोटो.

तिसरं, स्पोअर प्रिंट. पूर्ण उघडलेली टोपी देठापासून कापा, गिल्स खाली करून कागदावर ठेवा. कागद अर्धा पांढरा अर्धा काळा घ्या, कारण पांढरे स्पोअर पांढऱ्यावर दिसत नाहीत. वर वाडगा उपडा घाला म्हणजे वारा लागणार नाही, टोपी सुकी वाटली तर वरून दोन थेंब पाणी. रात्रभर राहू द्या. दोन तासांनी उचकून बघू नका, पातळ थर असला की हिरवासुद्धा फिकट पिवळट-पांढरा वाटतो आणि लोक तिथेच फसतात.

आणि सगळ्यांच्या शेजारी पट्टी ठेवा.

सायली_म
पट्टी कशाला? मोठं आहे ते तर दिसतंयच की.

बुरशीवाला
कशावरून दिसतंय?

सायली_म
अरे हो. तिसऱ्यात हात आहे पण पहिल्या दोनात काहीच नाही की. गवताची पाती आहेत फक्त.

टिकोजीराव
मी एक सांगतो, प्रिंट पांढरी आली तर पॅरासोल, हिरवी आली तर ते दुसरं. संपलं. उगाच एवढं रामायण.

बुरशीवाला
अर्धं बरोबर. हिरवी आली तर मॉलिबडायटिस, हे जवळजवळ पक्कं, कारण हिरव्या स्पोअरची भूछत्रं फारच थोडी आहेत. पण पांढरी आली तर पॅरासोल हे अजिबात नाही. अमॅनिटाची पांढरीच येते. आणि त्याहून वाईट म्हणजे लेपिओटाच्या छोट्या जाती. पॅरासोलची अगदी लहान आवृत्ती, तशाच खपल्या, तसाच मध्ये गडद ठिपका, गिल्स पांढऱ्या, प्रिंट पांढरी, बुडाशी वाटीही नाही. आणि त्यातल्या काहींत डेथ कॅपवालंच विष असतं. लेपिओटा ब्रुनिओइंकार्नाटाने माणसं मेलेली आहेत.

म्हणून पट्टी. टोपी तीन-चार सेंटीमीटर असेल तर लेपिओटाचा विचार आधी करायचा, वीस सेंटीमीटर असेल तर तो बाजूला पडतो. दोघांचा जवळून काढलेला फोटो शेजारी ठेवला तर माझ्यासारखाही चक्रावतो. माहीतगार लोक मोठं होणारं लेपिओटासारखं काही खात असतील पण दहा सेंटीमीटरखालच्या टोपीला हात लावत नाहीत, ते उगाच नाही.

खडूफळा
मी मध्येच माझं विचारू का, नवीन धागा काढायचा कंटाळा. माझ्याकडे भूछत्र नाही, नुसते पांढरे गोल गोळे आलेत लिंबाएवढे, देठ नाही रिंग नाही काही नाही. फोटो टाकलाय. यात तर ओळखण्यासारखं काही नाहीच, पफबॉलच असणार ना? ते चालतात म्हणतात.

बुरशीवाला
@खडूफळा, ओळखण्यासारखं काही दिसत नाही म्हणून तर ते धोक्याचं. अमॅनिटा कोवळं असताना अंड्यासारखं पांढरं गोलच असतं, देठ टोपी सगळं आत बंद. बाहेरून शंभर फोटो काढा, काही कळणार नाही. वरून खाली अगदी मधोमध उभा काप घ्या. आत टोपी-देठाची आकृती दिसली, अगदी पुसटशी रेघ जरी दिसली, तर ते अमॅनिटा असू शकतं. आत सगळं एकसारखं पांढरं भरीव, थर्माकोलसारखं असेल तर पफबॉलच्या बाजूने झुकतं. आत जांभळट-काळं असेल तर स्क्लेरोडर्मा, तेही खायचं नसतं. आडवा काप घेऊ नका, त्यात आकृती दिसत नाही. आणि प्रत्येक गोळा कापा, एक कापून बाकीचे नऊ तसेच असतील असं धरू नका.

खडूफळा
पाच कापले. चारांत एकसारखं पांढरं. पाचव्यात मधे काहीतरी पिवळट आहे, आकृती आहे की नाही सांगता येत नाही. फोटो टाकू?

बुरशीवाला
टाका, पण उत्तर आत्ताच देतो, पाचही फेका. सांगता येत नाही हेच उत्तर.

खडूफळा
मग एवढं कापायला कशाला लावलंत राव :)

निशिगंध
मी इमर्जन्सीत नर्स आहे, आजवर नुसती वाचत होते. एक सांगावंसं वाटलं. वर उलट्यांचं लिहिलंय ते वाचून कोणी असा अर्थ काढू नका की उलटी झाली म्हणजे विष बाहेर गेलं. आमच्याकडे घाबरवणारे पेशंट उलट ते असतात ज्यांना जेवल्यावर पहिले सहा तास काहीच होत नाही. रात्री खाल्लं, छान झोपले, पहाटे किंवा सकाळी पोट बिघडलं. मग एक दिवस जुलाब, आणि मग बरं वाटायला लागतं. घरचे म्हणतात आता उतरलं, घरी नेतो. आणि त्याच वेळी लिव्हर जात असतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिपोर्ट बघवत नाहीत. म्हणून आम्ही पहिला प्रश्न काय खाल्लं हा विचारतच नाही, किती वाजता खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला हा विचारतो.

टिकोजीराव
म्हणजे लवकर उलटी झाली तर घाबरायचं कारण नाही, बरोबर?

निशिगंध
नाही नाही, असं नाही. एकाच कढईत दोन जाती गेल्या असतील तर? एकीने दोन तासांत उलटी होते, सगळ्यांना वाटतं हे साधं आहे, आणि दुसरी आपलं काम मागून करत असते. लवकर त्रास म्हणजे सुटका असं आम्ही कधीच लिहून देत नाही. लिव्हरच्या टेस्ट परत परत करतो.

सायली_म
बाप रे. आमच्या एका नातेवाईकांना असंच झालं होतं, दोन तासांत चौघंही आडवे, रात्रभर सलाईन. कसलं भूछत्र होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही कारण उरलेलं सगळं घाबरून जाळून टाकलं होतं.

निशिगंध
हेच नका करू. उरलेलं, निवडताना टाकलेले देठ, शिजवलेलं असेल तर ते, सगळं घेऊन या. कच्चं असेल तर कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत तासाभरात त्याचा चिखल होतो. आणि फोटो असतील तर तेही आणा. आम्ही ते ओळखणाऱ्यांना पाठवतो, त्यावरून मदत होतेच.

टिकोजीराव
आता बोला बुरशीवाले! वर एवढं सुनावलंत फोटोवरून ओळखता येत नाही म्हणून, आणि हॉस्पिटलवाले तर फोटोच पाठवतायत. मग येतं की नाही?

बुरशीवाला
चांगला मुद्दा आहे, खरंच. मलाही असे फोटो आलेत. पण तिथे प्रश्न वेगळा असतो. डॉक्टर विचारतात की यात लिव्हरवालं विष असू शकतं का. मी म्हणतो असू शकतं, ते उपचार सुरू करतात. माझं चुकलं तर एका माणसाला दोन दिवस जास्त ॲडमिट राहावं लागलं. इथे विचारतात की हे खाऊ का. इथे माझं चुकलं तर पुढे काय ते निशिगंध यांनी लिहिलंच आहे. फोटो तोच, त्यावर मी किती भार टाकतोय ते वेगळं.

आणि तिथेसुद्धा मी फोटोवर थांबत नाही, उरलेला तुकडा मागवतो. मायक्रोस्कोपखाली स्पोअर बघितले की शिजवलेल्या तुकड्यावरूनही बरंच कळतं. आयोडीनचं एक द्रावण असतं, त्यात डेथ कॅपचे स्पोअर निळे-काळे होतात, मॉलिबडायटिसचे लालसर-तपकिरी. हे कुठल्या फोटोत येणार.

टिकोजीराव
तरी मला पटत नाही पूर्ण. काही काही गोष्टी फोटोवरून कळतातच. झाडावरचं रंगीत शेल्फसारखं असतं ते मी दहा फुटांवरून ओळखतो.

बुरशीवाला
कळतात, काही. ज्यांना जवळपास दिसणारं दुसरं काही नाही ती. पांढरं, गिल्सवालं, देठावर रिंग असलेलं हे त्यात बसत नाही एवढंच माझं म्हणणं.

पाऊलखुणा
अपडेट देतो, उशीर झाला त्याबद्दल माफी.

काल संध्याकाळी दोन खणून काढली, सुरीने, मातीच्या गोळ्यासकट, मग पाण्याने हळूच धुतली. बुडाशी वाटी, पिशवी काही नाही, देठ खाली थोडा फुगलाय एवढंच. देठ गुळगुळीत पांढरा, खाली जरा तपकिरी. रिंग खरंच वर-खाली सरकते, मी दहा वेळा सरकवून बघितली, मजा येते. मोठ्याची टोपी १७ सेंटीमीटर भरली. रात्री प्रिंट लावली, अर्धा काळा अर्धा पांढरा कागद. मला राहवलं नाही म्हणून दोन तासांनी उचकलं (सॉरी), तेव्हा काळ्यावर पांढरट धूळ दिसली, मी बायकोला म्हटलं बघ पांढरीच आहे, पॅरासोलच! सकाळी उचललं तर पांढऱ्या अर्ध्यावर मळकट हिरवी नक्षी. खिडकीत दिवसाच्या उजेडात बघितलं, हिरवीच. ट्यूबलाईटखाली फोटो काढला तर राखाडी येतेय, म्हणून फोटो टाकतच नाही.

बुरशीवाला
मग झालं, मॉलिबडायटिस. देठाचंही जुळतं. पॅरासोलच्या देठावर सापाच्या कातड्यासारखी तपकिरी वेडीवाकडी नक्षी असते, तुमचा गुळगुळीत आहे. तुमच्या दुसऱ्या फोटोत देठ दिसतोय पण फोकस टोपीवर आहे, देठ सगळा धुरकट, त्यामुळे तेव्हा म्हणालो नव्हतो.

सायली_म
म्हणजे परवा रात्री केलं असतं तर...

पाऊलखुणा
नका आठवण करून देऊ. बायकोने धागा वाचलाय.

पण एक राहिलंच. पहिल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक छोटं दिसतंय बघा, तेही खणलं. टोपी साडेतीन सेंटीमीटर, उघडलेली, मधे गडद ठिपका, खपल्या जरा लालसर वाटल्या. मी ते याचंच पिल्लू समजत होतो आणि त्याच टोपलीत टाकणार होतो. त्याचीही प्रिंट लावली होती, पण कागदावर काहीच पडलं नाही.

बुरशीवाला
साडेतीन सेंटीमीटर आणि टोपी उघडलेली? मॉलिबडायटिसचं पिल्लू त्या वयात बंद असतं, ढोलाच्या काठीच्या टोकासारखं गोल. उघडून सपाट झालेलं एवढंसं म्हणजे ते पिल्लू नसावं, वेगळंच काहीतरी पूर्ण वाढलेलं असावं. पण नसावं म्हणतोय, नाही असं म्हणत नाही, कमी पाण्यावर खुरटलेलीही असतात. मोठ्यापासून किती लांब होतं? आजूबाजूला झाड कुठलं? वास घेतलात का? आणि मुख्य म्हणजे आहे का अजून?

पाऊलखुणा
मोठ्यापासून हातभर लांब, त्या गोलाच्या बाहेर. झाड नाही, कुंपणाची झुडपं आहेत. वास घेतला नाही. आहे अजून, पण काल रात्रभर वाडग्याखाली होतं, आता जरा मलूल झालंय.

बुरशीवाला
फ्रीजमध्ये ठेवू नका. पंख्याखाली कागदावर कडकडीत वाळवा, कागदी पाकिटात घाला, वर तारीख आणि आत्ता लिहिलंत ते सगळं लिहा, हातभर लांब, कुंपण, साडेतीन सेंटीमीटर, लालसर खपल्या. वाळलेल्या गिल्समध्ये थोडे तरी स्पोअर असतात, मायक्रोस्कोपला तेवढे पुरतात. पत्ता मेसेजमध्ये देतो.

टिकोजीराव
काय निघालं ते इथे लिहा हां. मी मॉलिबडायटिसचं पिल्लूच म्हणतोय अजून.

पाऊलखुणा
पंख्याखाली ठेवलंय. पंख्याच्या बटणावर बायकोने चिठ्ठी लावलीय, "हे जेवण नाही".